तीस दिवस कुठून मोजायचे? बँकिंग लोकपालाच्या दाराआधीची पायरी

विट्याच्या आमच्या काकांच्या बचत खात्यातून न विचारता विम्याचा हप्ता कापला गेला. शाखेत ते पाच-सहा वेळा जाऊन आले. "बघतो काका, वर कळवलंय," एवढंच कानावर पडायचं. तीन महिने गेल्यावर पुतण्याने बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार टाकली, तर ती परत आली: आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली नाही.

काकांना तो अन्याय वाटला. पण ही अट आजची नाही. रिझर्व्ह बँकेने 1995 साली बँकिंग लोकपाल योजना आणली, तेव्हाच हे दार दुसऱ्या पायरीवर ठेवलं. खातेदार आणि बँक यांनी आधी आपसात मिटवावं, न मिटल्यास कोर्टाच्या खर्चाशिवाय दाद मिळावी, हा त्यामागचा हेतू. 2006 च्या योजनेतही बँकेला उत्तरासाठी एक महिना होता. तेव्हा सांगली-साताऱ्याचे अर्ज मुंबईच्या कार्यालयाकडे जात.

12 नोव्हेंबर 2021 पासून एकात्मिक लोकपाल योजना लागू झाली. तेव्हापासून कोणाचं कार्यक्षेत्र कोणतं हे बघावं लागत नाही. तक्रार cms.rbi.org.in वर करायची किंवा कागदावर लिहून चंडीगडच्या केंद्राला पाठवायची. फी नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार करण्याची आणि उत्तरासाठी तीस दिवस थांबण्याची अट मात्र तशीच राहिली.

म्हणून तोंडी तक्रारीने घड्याळ सुरूच होत नाही. काकांनी मग साध्या कागदावर अर्ज लिहिला, तारीख आणि कापलेली रक्कम घातली, आणि दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का, सही, तारीख घेतली. पोच मिळाली 3 मार्च 2025 ला. 2 एप्रिलला तीस दिवस पुरे झाले, उत्तर आलं नाही, आणि 3 एप्रिलला त्या पोचेसह तक्रार दाखल झाली. आता ती परत आली नाही. बँकेने तीस दिवसांच्या आतच नकार दिला असता, तर थांबायचीही गरज नव्हती.

उलट बाजूलाही मर्यादा आहे. 2021 च्या योजनेत उत्तर न आल्यास तक्रारीपासून एक वर्ष आणि तीस दिवस मिळत. काकांसाठी ती शेवटची तारीख 2 एप्रिल 2026 होती. "बघतो" ऐकत लोक हीच मुदत घालवतात, याचं मला फार वाईट वाटतं. प्रकरण आधीच कोर्टात असेल, तर लोकपाल ते घेत नाही.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट बघावी लागते. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका या योजनेत आल्या त्या 1 नोव्हेंबर 2025 पासून. तोवर ऊसबिल जमा होणाऱ्या कित्येक खात्यांना हे दार नव्हतंच. पतसंस्था मात्र आजही योजनेबाहेर आहेत. त्यांच्याविरुद्धचा अर्ज सहकार खात्याच्या निबंधकाकडे जातो.