ब्रिस्टलच्या घड्याळाचा दुसरा मिनिटकाटा

इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरातल्या जुन्या धान्य-बाजाराच्या दर्शनी भिंतीवर एक घड्याळ आहे. त्याला मिनिटकाटे दोन आहेत. एक लंडनची वेळ दाखवतो, दुसरा त्याच्या सुमारे दहा मिनिटे मागे असतो. तो मागचा काटा ब्रिस्टलची स्वतःची वेळ दाखवतो, आणि एकेकाळी शहराचा सगळा व्यवहार त्याच वेळेवर चालत असे.

हा फरक येतो पृथ्वीच्या फिरण्यातून. पृथ्वी 24 तासांत 360 अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे लागतात. ब्रिस्टल लंडनच्या पश्चिमेला साधारण अडीच अंशांवर आहे. लंडनला सूर्य आकाशात सर्वांत उंच पोहोचल्यावर ब्रिस्टलला तशी स्थिती यायला दहा मिनिटे जावी लागतात. दोन्ही शहरे त्या क्षणाला दुपारचे बारा म्हणत, आणि दोघांचेही बरोबर होते.

इथे एक बारकावा सांगायला हवा. सावलीवरच्या घड्याळात आणि यांत्रिक घड्याळातही मेळ नसतो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे, त्यामुळे एका मध्यान्हापासून दुसऱ्या मध्यान्हापर्यंतचा काळ वर्षभर सारखा राहत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सावलीचे घड्याळ सुमारे 16 मिनिटे पुढे, तर फेब्रुवारीच्या मध्यावर 14 मिनिटे मागे असते. म्हणून शहरातील घड्याळे वर्षभराच्या सरासरी सूर्याप्रमाणे लावली जात. स्थानिक वेळ म्हणजे ही सरासरी वेळ.

घोडागाडीच्या काळात गावागावांतला हा फरक फारसा कुणाला जाणवत नव्हता. लंडनहून ब्रिस्टलपर्यंतचा पूर्ण रेल्वेमार्ग 1841 मध्ये सुरू झाला आणि हे अंतर सुमारे चार तासांवर आले. समजा गाडी लंडनहून सकाळी दहाला सुटली. ती ब्रिस्टलला पोहोचते तेव्हा लंडनमध्ये दोन वाजलेले असतात, पण ब्रिस्टलच्या घड्याळात एक पन्नास. प्रवास तीन तास पन्नास मिनिटांचा झाला असे वाटते. परतीची गाडी तेवढाच वेळ घेते, तरी घड्याळांवरून हिशेब केला तर चार तास दहा मिनिटे भरतात. प्रत्येक स्थानकावर त्या त्या गावची वेळ धरली, तर गाडी खरोखर उशिरा आहे की गावाचे घड्याळच वेगळे आहे, हे प्रत्येक वेळी वजाबाकी करून ठरवावे लागते. एकेरी मार्गावर, जिथे समोरून येणाऱ्या गाड्या केवळ वेळापत्रकाच्या भरवशावर एकमेकींना टाळतात, तिथे अशी चूक जिवावर बेतू शकते.

ग्रेट वेस्टर्न रेल्वेने 1840 मध्येच आपल्या सगळ्या स्थानकांवर लंडनची वेळ लागू केली. गावाची वेळ रेल्वेच्या वेळेपेक्षा किती मागे आहे, हे वेळापत्रकात छापले जाई. रेडिंगसाठी चार मिनिटे. डिसेंबर 1847 पासून इतर अनेक कंपन्यांनीही ग्रीनिचची वेळ धरली. 1852 मध्ये ग्रीनिचच्या वेधशाळेतून तारायंत्राने वेळेचे संकेत जाऊ लागले. त्याच वर्षी ब्रिस्टलनेही ही वेळ स्वीकारली.

कायदा मात्र या सगळ्याच्या मागे राहिला होता. 1858 मध्ये डॉर्चेस्टरच्या न्यायालयात एका खटल्याची वेळ दहाची होती. न्यायालयाच्या घड्याळात दहा वाजून गेले, प्रतिवादीची बाजू हजर नव्हती, म्हणून निकाल त्याच्या विरोधात गेला. थोड्याच वेळात त्याचा वकील आला, आणि गावाच्या घड्याळाप्रमाणे आपण वेळेवर आहोत असे त्याने सांगितले. वरच्या न्यायालयाने त्याचे म्हणणे मान्य केले: दहा म्हणजे त्या गावचे दहा. ग्रेट ब्रिटनमध्ये ग्रीनिचची वेळ कायद्याने आली ती 1880 मध्ये, म्हणजे ग्रेट वेस्टर्नच्या निर्णयानंतर 40 वर्षांनी.

ब्रिटन अरुंद असल्याने तिथे एकच वेळ खपून गेली. अमेरिकेत ते शक्य नव्हते. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांच्या सूर्यवेळेत तीन तासांहून जास्त अंतर पडते. सगळीकडे एकच वेळ ठेवली असती तर कुठेतरी भर सकाळी बारा वाजले असते. तिथल्या रेल्वे कंपन्या तोवर जवळपास 50 वेगवेगळ्या वेळा पाळत होत्या. त्यांनी मधला मार्ग काढला. 75, 90, 105 आणि 120 अंश पश्चिम रेखावृत्ते धरून एकेका तासाच्या फरकाचे पट्टे पाडले. 15 अंश म्हणजे बरोबर एक तास, त्यामुळे पट्टा ओलांडताना मिनिटकाट्याला हात लावावा लागत नाही, फक्त तासकाटा सरकवायचा. आणि पट्टा काटेकोरपणे आखला तर कुठल्याही गावाची सरासरी सूर्यवेळ घड्याळापासून अर्ध्या तासाहून दूर जात नाही.

18 नोव्हेंबर 1883 रोजी, रविवारी, हा बदल झाला. न्यूयॉर्क 75 अंशांच्या रेषेजवळच आहे, त्यामुळे तिथली घड्याळे जेमतेम चार मिनिटे मागे घ्यावी लागली. शिकागोत साडेनऊ मिनिटे. हे सारे कंपन्यांच्या आपसांतल्या ठरावाने झाले. अमेरिकी संसदेने त्यावर कायदा केला तो 1918 मध्ये. पट्ट्यांच्या सीमा सरळ रेखावृत्तांवर मात्र राहिल्या नाहीत. सुरुवातीला त्या रेल्वेच्या मोठ्या जंक्शनांपाशी वळल्या आणि पुढे राज्यांच्या व देशांच्या हद्दींप्रमाणे. म्हणून आज अनेक ठिकाणी सूर्य आणि घड्याळ यांच्यातला फरक त्या अर्ध्या तासाच्या मर्यादेपलीकडे गेलेला आढळतो.