वेट बदलत राहिलं तरी मधला पर्याय हाती का लागत नाही

दोन ऑब्जेक्टिव्हमधला ट्रेड-ऑफ काढायच्या दोन पद्धती आज सगळीकडे शिकवतात, एक वेट देऊन बेरीज करायची आणि दुसरी एकाला मर्यादा घालून दुसरं ऑप्टिमाइझ करायचं. बऱ्याच जणांना वाटतं दोन्हीतून शेवटी तेच मिळतं, आणि हा समज कुठून आला ते मार्कोविट्झपासून बघितलं की लक्षात येतं.

अर्थतज्ज्ञ हॅरी मार्कोविट्झचा पोर्टफोलिओवरचा पेपर 1952 चा. रिटर्न जास्त हवा, व्हेरिअन्स म्हणजे रिटर्नमधला चढउतार, अर्थात रिस्क, कमी हवा. आता व्हेरिअन्स कॉन्व्हेक्स, म्हणजे वाटीसारखा वाकलेला, आणि त्याच्या बेसिक मॉडेलमधल्या अटी सगळ्या लिनिअर, त्यामुळे फ्रंटियर, म्हणजे एक गोष्ट बिघडवल्याशिवाय दुसरी सुधारता येत नाही अशा पर्यायांची रेषा, छान एका बाजूला वाकलेला येतो, आणि "रिटर्न किमान इतका हवा" अशी अट घाला किंवा रिस्कला वेट द्या, फ्रंटियर तोच निघतो. अटीचा लॅग्रांज मल्टिप्लायर, म्हणजे अट थोडी सैल केली तर उत्तर किती बदलतं ते सांगणारा आकडा, हाच तिथे वेटचं काम करतो.

1963 मध्ये लोटफी झादेहने कंट्रोल सिस्टिमसाठी वेटची पद्धत मांडली. पण जिथे हो-नाही असे निर्णय असतात, म्हणजे प्लँट बांधायचा की नाही वगैरे, तिथे कॉन्व्हेक्सिटी जाते आणि गडबड सुरू होते.

समजा तीन योजना आहेत. अ चा खर्च 1, प्रदूषण 9. ब चे 6 आणि 6. क चे 9 आणि 1. ब पेक्षा दोन्हीत सरस असं कोणीच नाही, म्हणजे ब फ्रंटियरवर आहेच. आता खर्चाला w आणि प्रदूषणाला 1−w वेट द्या. अ चा स्कोअर 9−8w, क चा 1+8w, आणि ब चा कायम 6, ज्याचा स्कोअर सगळ्यात कमी तो जिंकला. w 0.5 च्या खाली असेल तर क जिंकतो, वर गेला की अ, आणि बरोब्बर 0.5 ला दोघांचे 5, म्हणजे ब ला कुठल्याच वेटवर चान्स नाही! ही खूण लक्षात ठेवा, वेट हळूहळू बदलतोय पण उत्तर हलत नाही आणि मग अचानक एका टोकाहून दुसऱ्या टोकाला उडी मारतं, तेव्हा मध्ये काहीतरी सुटलेलं असू शकतं.

हाइम्स, लासडन आणि विस्मर यांनी 1971 मध्ये मांडलेली एप्सिलॉन-कन्स्ट्रेंट पद्धत, म्हणजे एकाला मर्यादा घालायची ती दुसरी पद्धत, इथे कामाला येते. प्रदूषण 7 च्या आत ठेवा म्हटलं की अ बाद होतो, ब आणि क मध्ये स्वस्त ब, सापडला. मर्यादा 9 पासून खाली आणत गेलं की अ, ब, क तिघंही मिळतात, फक्त पायरी फार मोठी घेतली तर मधला निसटू शकतो.

हिचाही एक दोष आहे. खर्च 6 आणि प्रदूषण 7 अशी ड योजना असती तर 7 च्या मर्यादेत ब आणि ड दोघांचा खर्च सारखाच, सॉल्व्हर खुशाल ड देऊ शकतो जो उघड वाईट आहे. म्हणून खर्चात प्रदूषणाचा अगदी छोटा हिस्सा, समजा 0.001 पट, मिळवतात, मग ब चा आकडा 6.006 आणि ड चा 6.007 होतो आणि ड मागे पडतो.