मोरचुदाचा निळा रंग आणि तांब्याचे दोन लांब हात

भाच्याने शाळेच्या प्रदर्शनासाठी थर्माकोलचे गोळे आणि टूथपिक वापरून मॉडेल केलं होतं. मधे तांबं आणि वर, खाली, पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे सहा गोळे, सगळ्या काड्या अगदी मोजून सारख्या. शेजारी बशीत मोरचुदाचे निळे खडे. तो म्हणाला, मामा, तापवलं की हे पांढरं होतं कारण स्फटिकजल उडून जातं. मी म्हटलं बरोबर आहे, पण पाण्याला तर रंगच नसतो, मग ते गेल्यावर निळा रंग कसा काय गेला? तो माझ्याकडे बघत बसला. पुस्तकातलं उत्तर इथेच संपतं आणि खरी मजा इथून सुरू होते, म्हणून हा लेख.

आधी मॉडेलची चूक सांगतो. मोरचूद म्हणजे CuSO4·5H2O, तेव्हा पाचही पाणी तांब्याला चिकटलेलं असणार असं आपण धरून चालतो. तसं नसतं. बीव्हर्स आणि लिप्सन यांनी १९३४ मध्ये क्ष-किरणांनी या स्फटिकाची रचना काढली, त्यात दिसलं की तांब्याभोवती एका चौकोनात चार पाणी आहेत, वर आणि खाली सल्फेटचा एकेक ऑक्सिजन, आणि पाचवं पाणी तांब्याला शिवतही नाही, ते बाजूला हायड्रोजन बंधांनी अडकून बसलेलं असतं. म्हणजे शेजारी सहाच, पण चौघं साधारण १.९५ ॲंगस्ट्रॉमवर आणि वरखालचे दोघं २.४ च्या आसपास. भाच्याच्या दोन काड्या बऱ्याच लांब हव्या होत्या.

आता हे दोघं लांब का? हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे, त्यामुळे थोडा वेळ घेणार.

+२ भार असलेल्या तांब्याच्या आयनात d प्रकारचे नऊ इलेक्ट्रॉन असतात आणि त्यांना राहायला पाच खोल्या, म्हणजे ऑर्बिटल. सहा शेजारी सहा दिशांनी आले की या खोल्यांचे दोन गट पडतात. तीन खोल्या शेजाऱ्यांच्या मधल्या मोकळ्या फटींकडे तोंड करून असतात, त्यांना त्रास कमी, त्या ऊर्जेने खाली. उरलेल्या दोन थेट शेजाऱ्यांच्या तोंडावर, त्यामुळे वर. खालच्या तीन खोल्यांत सहा इलेक्ट्रॉन बसले, राहिले तीन, आणि वर खोल्या दोन. एकीत दोघं, दुसरीत एकटा. निकेलमध्ये वर दोनच असतात, एकेकीत एकेक, भांडण नाही. झिंकमध्ये चार, दोन्ही खोल्या भरलेल्या, तिथेही भांडण नाही. तांब्यालाच हे विषम वाटप नशिबी आलंय.

यातली एक खोली मुख्यतः वरखालच्या शेजाऱ्यांकडे बघते, दुसरी चौकोनातल्या चौघांकडे. समजा वरखालच्या खोलीत दोन इलेक्ट्रॉन बसले, तर ते त्या दोन शेजाऱ्यांना जास्त ढकलणार, आणि चौकोनाच्या बाजूला एकच असल्याने ते चौघं जरा जवळ सरकणार. शेजारी लांब गेले की वरखालची खोली ऊर्जेने खाली येते, चौकोनातली तेवढीच वर जाते. खाली येणारे दोन, वर जाणारा एक, म्हणजे एकाएवढा निव्वळ फायदा.

पण बंध ताणायलाही ऊर्जा लागते की, मग फायदाच जिंकेल कशावरून? इथे एक सुंदर हिशोब आहे. फायदा हा सरकण्याच्या प्रमाणात वाढतो, आणि ताणण्याचा खर्च सरकण्याच्या वर्गात. नुसते समजायला आकडे घेऊ: सरकणं x, फायदा 4x, खर्च x². x १ असेल तर ४ मधून १ गेला, हातात ३. x २ तर ८ मधून ४, हातात ४. x ३ तर १२ मधून ९, परत ३. म्हणजे २ वर थांबणं सगळ्यात फायद्याचं, आणि मुख्य म्हणजे शून्यावर बसून राहणं कधीच फायद्याचं नाही, कारण अगदी थोडं सरकताना वर्ग इतका बारीक असतो की फायदाच पुढे असतो. हेच हर्मन यान आणि एडवर्ड टेलर यांनी १९३७ मध्ये असं विषम वाटप असलेल्या सगळ्या वाकड्या रेणूंसाठी, म्हणजे ज्यांचे अणू एका सरळ रेषेत नाहीत अशांसाठी, सिद्ध केलं, आपल्याकडे कॉलेजात त्याला जान-टेलर म्हणतात. हा टेलर म्हणजे पुढे हायड्रोजन बॉम्बवाला तोच. प्रमेय एवढंच सांगतं की आकार बिघडणार. लांबणार की चपटा होणार हे सांगत नाही, पण तांब्यात जवळपास नेहमी दोन हात लांबतात.

आता रंग. सगळ्यात वरच्या, चौकोनाकडे बघणाऱ्या खोलीत एक जागा रिकामी आहे. खालचा एखादा इलेक्ट्रॉन प्रकाश खाऊन तिथे उडी मारतो. आकार बिघडल्यामुळे खालच्या पायऱ्या वेगवेगळ्या उंचीवर गेल्यात, त्यामुळे उड्याही वेगवेगळ्या, आणि त्या एकमेकांत मिसळून एकच रुंद पट्टा होतो. मोरचूद पाण्यात विरघळवलं की या पट्ट्याचं शिखर साधारण ८०० नॅनोमीटरला येतं, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त भागात. आपल्याला दिसतं ते फक्त त्याचं शेपूट, जे थोडा लाल प्रकाश खातं, म्हणून उरलेला रंग फिकट निळा. तापवल्यावर पाणी जातं आणि त्याच्या जागी सल्फेटचे ऑक्सिजन येतात, त्यांचा जोर पाण्यापेक्षा कमी, उड्या छोट्या होतात, पट्टा आणखी अवरक्तात सरकतो आणि डोळ्याला पांढरट भुकटी दिसते. म्हणजे तांबं तेच, त्याचा +२ भारही तोच, फक्त शेजारी बदलले. (हेच निळे खडे ऑनलाइन घशाच्या चक्रासाठी म्हणून विकणारेही आहेत. घशाला मोरचूद लागलं तर उलट्या होतात, ते विषारी आहे, चक्रबिक्र राहू द्या.)

भाच्याला मग शाळेच्या प्रयोगशाळेत, खिडक्या उघड्या ठेवून, मोरचूद विरघळवलेल्या पाण्यात अमोनिया टाकून बघायला सांगितलं. पहिल्या थेंबांना फिकट निळा साका येतो, अजून टाकलं की तो विरघळतो आणि एकदम शाईसारखा गर्द निळा-जांभळा रंग होतो. चौकोनातल्या चार पाण्यांच्या जागी चार अमोनिया बसले. अमोनिया जास्त जोराने बांधतो, चौकोनाची खोली आणखी वर ढकलली जाते, उडी मोठी होते आणि पट्ट्याचं शिखर ६०० नॅनोमीटरच्या आसपास येतं. आता तो शेपटाने नाही, पूर्ण तोंडाने नारिंगी-पिवळा प्रकाश खातोय.

मग अजून अमोनिया ओतत राहिलं तर अजून जांभळा होईल? तसं वाटतं खरं, पण नाही. चार अमोनिया पटापट बसतात, पाचवा बसायला अगदी नाखूश असतो, कारण त्याला लांबच्या हाताची जागा मिळते. एकदम तीव्र अमोनियात तो बसतो, आणि तेव्हा पट्टा उलटा मागे, लालकडे सरकतो. कारण पाचवा जवळ आला की वरखालची खोली वर चढते, चौकोनातली मंडळी थोडी सैल होतात, उडी परत लहान होते. नुसतं 'जोरदार शेजारी म्हणजे मोठी उडी' एवढंच धरलं तर याचं उत्तर मिळत नाही, लांब हात मानले की लगेच मिळतं.

एक गोष्ट मात्र भाच्याला सांगितली नाही, त्याचं मॉडेल आधीच दोनदा मोडलं होतं. पाण्यात हे लांब हात ठराविक नसतात. आता वरखाली, पुढच्या क्षणी डावे-उजवे, अशी अदलाबदल इतक्या झपाट्याने चालते की तांब्याभोवतीचं पाणी सेकंदात अब्जावधी वेळा बदलतं, तर निकेलभोवतीचं साधारण तीस हजार वेळाच. लांबच्या हाताला सैल पकडलेलं पाणी सुटायला वेळ लागत नाही, आणि पुढच्याच क्षणी तो लांब हात दुसऱ्याच कुणाचा तरी असतो.