तारण नाही म्हणजे पत नाही?

"गरिबाकडे तारण नाही म्हणजे तो कर्ज बुडवणारच, म्हणून बँका त्याला दारात उभं करत नाहीत."

असं सर्रास बोललं जातं, पण खरी अडचण माहितीची आहे. कोणाचा धंदा चालतो, कोण शब्दाला पक्कं, हे बँकेला दिसत नाही. तारण ती उणीव भरून काढतं. वस्तीतल्या बायकांना मात्र ते नेमकं ठाऊक असतं. समजा, हडपसरच्या ५ जणींनी गट करून एकमेकींच्या हमीवर कर्ज घेतलं. एकीचा २,८०० रुपयांचा हप्ता चुकला, तर उरलेल्या चौघींना ७००-७०० भरावे लागतात. म्हणून बेभरवशाच्या बाईला त्या गटात घेतच नाहीत. पण पाचहीजणी भाजीच विकत असतील आणि पावसानं धंदा बसला, तर सगळ्यांचेच हप्ते एकदम थकतात. हा मोठा दोष आहे. पडताळायचं तर ओळखीतल्या एखादीचे गटकर्जाचे कागद बघा: तारणाच्या जागी बाकीच्या सभासदांची हमी दिसेल.