संवाद नसताना पडद्यावर काय घडतं?

एक बाई खोलीत येते, टेबलावरचं पत्र वाचते आणि घाईघाईने उशीखाली लपवते. या सगळ्यात कोणी एक शब्दही बोलत नाही. अंध प्रेक्षकाला फक्त दार आणि कागद वाजल्याचं कळतं. पुढे ते पत्र नवऱ्याच्या हाती लागतं, तेव्हा ते उशीखाली आलं कसं, याचा त्या प्रेक्षकाला पत्ताच नसतो.

ऑडिओ डिस्क्रिप्शन म्हणजे अंध प्रेक्षकांसाठी दृश्याचं बोलून केलेलं वर्णन. त्यात अशा जागी निवेदक बोलतो. संवादांच्या मध्ये चार सेकंद मोकळे असतील, तर त्यात मराठीतले सात-आठ शब्द कसेबसे बसतात: ‘मीरा पत्र वाचते आणि पटकन उशीखाली लपवते.’ पडद्यांचा रंग, भिंतीवरची तसबीर सगळं गाळावं लागतं, कारण कथेला पत्र हवं आहे. वर्णनाचा चांगला लेखक ‘ती घाबरली’ असंही लिहीत नाही. ‘तिचा हात थरथरतो’ एवढंच सांगतो आणि अर्थ लावणं ऐकणाऱ्यावर सोडतो. सलग संवाद असलेल्या प्रसंगात मात्र निवेदनाला जागाच उरत नाही, तिथे बरंच काही निसटतं.

स्ट्रीमिंग अ‍ॅपवर हे निवेदन बहुधा मूळ संवाद-संगीतात आधीच मिसळलेलं असतं. म्हणजे तो अख्खा वेगळा ऑडिओ ट्रॅक असतो आणि भाषा निवडतो तसाच तो निवडायचा असतो. नेटफ्लिक्सने ही सोय एप्रिल 2015 मध्ये सुरू केली. तिथे चित्रपट चालू करून पडद्यावर टॅप करा, Audio & Subtitles उघडा आणि Audio च्या यादीत English - Audio Description असं नाव शोधा. प्राइम व्हिडिओवरही भाषांच्या यादीतच भाषेच्या नावापुढे [Audio Description] लिहिलेलं असतं.

आयफोनवर Settings, मग Accessibility, मग Audio Descriptions असं एक बटणही आहे. ते चालू ठेवलं की, ट्रॅक उपलब्ध असेल तिथे तोच आपोआप निवडला जावा अशी सोय आहे. पण प्रत्येक अ‍ॅप ते पाळेलच असं नाही, म्हणून अ‍ॅपमधली यादी तपासावीच.

सर्वात जास्त घोळ स्क्रीन रीडरमुळे होतो. आयफोनवरचं व्हॉइसओव्हर किंवा अँड्रॉइडवरचं टॉकबॅक अ‍ॅपमधली बटणं वाचून दाखवतं, चित्रपटातलं दृश्य नाही. ते चालू असलं म्हणजे वर्णनही चालू झालं, असं अजिबात नाही. तसंच CC लिहिलेला पर्याय कर्णबधिरांसाठीच्या सबटायटल्सचा असतो.

ट्रॅक लागला की नाही हे पाहायला संवाद नसलेला प्रसंग काढा. तिथे निवेदक गप्पच राहिला तर यादी पुन्हा उघडा. वर्णन प्रत्येक भाषेत नसतं. हिंदी संवाद निवडले आणि वर्णनाचा ट्रॅक फक्त इंग्रजीत असेल, तर वर्णनासाठी संवादही इंग्रजीतच ऐकावे लागतात. घरातल्या दुसऱ्या कुणाला वर्णन नको असेल, तर त्याच यादीतून साधी भाषा निवडली की निवेदन बंद होतं.