कॉफी आणि उपाशीपोटी करावयाच्या तपासण्या

रक्तातील उपाशीपोटीची साखर, ट्रायग्लिसराइड्स तसेच काही स्कॅन यांच्या आधी कॉफी घ्यावी की नाही, यासंबंधीचा वैद्यकीय संकेत. सर्वसाधारण उत्तर ‘घेऊ नये, फक्त पाणी प्यावे’ असे आहे. मात्र त्यामागचे कारण प्रत्येक तपासणीत वेगळे असते, आणि एका तपासणीत तर पोट रिकामे असण्याशी त्याचा संबंधच नसतो.

महाराष्ट्रात या बाबतीत शब्दामुळे गोंधळ होतो. एकादशीच्या किंवा चतुर्थीच्या उपवासाला चहा-कॉफी चालते, त्यामुळे ‘उपाशी या’ ही सूचना पाळूनही माणूस दूध-साखरेची कॉफी घेऊन येतो. उलट काही जण निर्जळी राहतात. त्याचीही गरज नसते. शरीरात पाणी कमी असले तर शीर सापडायला वेळ लागतो.

दुधाच्या कॉफीबद्दल मतभेद नाही. १०० मिलिलिटर दुधात सुमारे ५ ग्रॅम दुग्धशर्करा असते. दोन लहान चमचे साखर घातली, तर कपात एकूण १३ ते १५ ग्रॅम शर्करा होते. सकाळी सहाला असा कप घेऊन सातला रक्त दिले, तर एरवी ९४ येणारी साखर (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) १०० च्या वर जाऊ शकते. अमेरिकन निकषानुसार १०० ते १२५ ही मधुमेहपूर्व अवस्था असल्याने निरोगी माणसावर तसा शिक्का बसण्याची शक्यता असते.

वाद आहे तो बिनदुधाच्या, बिनसाखरेच्या काळ्या कॉफीचा. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या १९९७ च्या व्याख्येप्रमाणे उपाशी म्हणजे किमान ८ तास उष्मांक पोटात न जाणे. काळ्या कॉफीत उष्मांक नगण्य असल्याने ती या व्याख्येत अक्षरशः बसू शकते. याउलट युरोपातील प्रयोगशाळा-वैद्यकाच्या तज्ज्ञगटाने २०१४ मध्ये १२ तास केवळ पाणी, आणि त्या सकाळी कॅफीन व सिगारेट दोन्ही वर्ज्य, अशी शिफारस केली. कॅफीनमुळे अ‍ॅड्रिनलिन वाढते, चरबीतून मेदाम्ले सुटतात आणि इन्शुलिनचा परिणाम काही काळ मंदावतो. एका कपाने उपाशीपोटीच्या आकड्यात पडणारा फरक बहुधा लहानच असतो. तरी आकडा सीमारेषेवर असेल तेव्हा लहान फरकही निदान बदलतो, त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

अ‍ॅडेनोसिन किंवा रेगाडेनोसॉन देऊन करावयाच्या हृदयाच्या स्ट्रेस स्कॅनमध्ये प्रश्न कॅफीनचाच असतो. ही औषधे हृदयाच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. निरोगी वाहिनी रुंद होते, अरुंद झालेली फारशी होत नाही, आणि प्रवाहातला हा फरक स्कॅनमध्ये उमटतो. कॅफीन नेमके अ‍ॅडेनोसिनचेच ग्राही, म्हणजे पेशींवरील त्याच्या चिकटण्याच्या जागा, अडवते. परिणामी फरक पुसट होतो आणि अडथळा असूनही अहवाल सामान्य येऊ शकतो. अहवाल चुकल्याचे नंतर कळण्याचा भरवशाचा मार्ग नाही, म्हणून प्रश्न आधीच विचारला जातो.

किती तास आधी थांबावे, यात १२ आणि २४ असे दोन प्रघात आहेत. प्रौढात कॅफीनचे प्रमाण निम्मे व्हायला साधारण ५ तास लागतात. रात्री आठला १६० मिलिग्रॅम पोटात गेले, तर सकाळी आठला सुमारे ३० मिलिग्रॅम उरते. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत ते याहून सावकाश उतरते. त्यामुळे २४ तासांचा नियम अधिक सुरक्षित ठरतो. तो चहा, कोला, चॉकलेट आणि डोकेदुखीच्या काही गोळ्यांनाही लागू आहे. ‘डिकॅफ’ कॉफीतही थोडे कॅफीन असतेच.

पोटाच्या सोनोग्राफीआधी कॉफी टाळतात, कारण तिच्यामुळे पित्ताशय आकुंचन पावते आणि आतले खडे नीट दिसत नाहीत. याउलट भूल देण्यापूर्वी काळी कॉफी दोन तास आधीपर्यंत स्वच्छ द्रव म्हणून अनेक ठिकाणी चालते. दूध घातले की ती सहा तास आधी थांबवायच्या पदार्थांच्या गटात जाते. गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणाऱ्या एचबीएवनसी या तपासणीला उपाशी राहावे लागत नाही.

पर्याय म्हणून साधे पाणी प्यावे आणि सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी. रोज कॉफी पिणाऱ्याचे डोके बहुधा १२ ते २४ तासांनी दुखू लागते. २४ तासांचा नियम असेल तर काही दिवस आधीपासून कप कमी करावेत. रक्त दिल्यावर कॉफी घेता येते, पण त्यानंतर जेवणोत्तर साखर तपासायची असेल तर दोन तास पहिल्या घासापासून मोजतात, आणि मधली कॉफी हिशेब बिघडवते. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन उपाशीपोटी घ्यायचे की नाही, हे आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारावे लागते.

कॉफी घेऊन झालीच असेल, तर नमुना घेणाऱ्याला कपात काय होते आणि किती वाजता घेतली हे सांगावे. साखरेसाठी वेळ बदलता येते किंवा डॉक्टर एचबीएवनसी सुचवू शकतात. हृदयाच्या स्कॅनमध्ये तारीख पुढे ढकलतात किंवा डोब्युटामिन हे कॅफीनचा अडथळा न होणारे औषध वापरतात.