स्लाइड बोलू लागतात तेव्हा

लोणारच्या विवरावर बारा स्लाइडचे सादरीकरण तयार आहे आणि प्रत्येक स्लाइडखाली वक्त्याची टिपणे लिहिलेली आहेत, असे समजा. त्यातून निवेदनासह व्हिडिओ करायचा आहे. स्लाइडची चित्रे काढणे, टिपणांचा संगणकीय आवाजात ध्वनी करणे आणि दोन्ही जोडणे ही तिन्ही कामे आज संगणक करतो. तरीही मधल्या काही जागा माणसाशिवाय सुटत नाहीत.

आधी यांत्रिक भाग. `.pptx` ही खरे तर झिप फाइल असते आणि टिपणे तिच्यातल्या `ppt/notesSlides` या फोल्डरमध्ये सापडतात. इथे एक फसगत होते. `notesSlide3.xml` हे तिसऱ्या स्लाइडचेच टिपण असेल याची खात्री नसते. स्लाइडची अदलाबदल झालेली असेल किंवा एखादीला टिपणच नसेल, तर क्रमांक सरकतात. कोणते टिपण कुठल्या स्लाइडचे, हे `_rels` फोल्डरमधल्या फाइलींवरून ठरवावे लागते. दुसरी अडचण अ‍ॅनिमेशनची. पीडीएफ करून चित्रे काढली की एकेक करून येणारे मुद्दे पहिल्या क्षणापासून एकदम दिसू लागतात. असे टप्पे हवे असतील तर त्या स्लाइडच्या वेगळ्या प्रती कराव्या लागतात.

चित्र किती वेळ दाखवायचे हे ध्वनी ठरवतो. मिनिटाला १२० शब्दांचा वेग धरला तर ९० शब्दांच्या टिपणासाठी स्लाइड ४५ सेकंद पडद्यावर राहते. ध्वनीची लांबी मोजून तीच `ffmpeg` या व्हिडिओ बनवणाऱ्या प्रोग्रॅमच्या आज्ञेत चित्राला द्यायची:

```
ffmpeg -loop 1 -i s07.png -i s07.wav -t 45 \
 -c:v libx264 -tune stillimage -pix_fmt yuv420p \
 -c:a aac s07.mp4
```

पुष्कळ जण लांबी ठरवणाऱ्या `-t` ऐवजी ध्वनी संपताच थांबवणारे `-shortest` वापरतात. पण स्थिर चित्राच्या बाबतीत त्याने शेवटी थोडे चित्र जास्तीचे उरू शकते. एका स्लाइडला ते जाणवत नाही, मात्र सगळे तुकडे जोडल्यावर अधूनमधून अकारण शांतता पसरते.

माणसाचे काम टिपणांपासून सुरू होते. वर्गात ‘हा कडा पाहा’ म्हणताना वक्त्याचा हात चित्राकडे गेलेला असतो. व्हिडिओत तो हात नसतो, म्हणून ‘उजवीकडचा उंच कडा’ असे लिहावे लागते किंवा चित्रावर बाण काढावा लागतो. ‘१.८ कि.मी. व्यास’ वाचताना आवाज ‘कि’नंतरच्या टिंबाशी वाक्य संपल्यासारखा थबकू शकतो. ‘सुमारे एक पूर्णांक आठ दशांश किलोमीटर’ असे अक्षरी लिहिले की प्रश्न मिटतो. आणि जुन्या टिपणात विवराचे वय ५०,००० वर्षे दिलेले असेल, तर यंत्र तेही तितक्याच ठामपणे वाचेल. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन कालमापनाने ते सुमारे ५.७ लाख वर्षे निघाले आहे. टिपण जुने झाले आहे, हे विषय जाणणाऱ्यालाच कळते.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती जागा उच्चारांची. मराठीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत, तालव्य आणि दंततालव्य, पण लिपीत अक्षर एकच. सातव्या स्लाइडच्या टिपणात ही वाक्ये आहेत: ‘बेसाल्ट खडकात झालेल्या जगातल्या मोजक्या आघाती विवरांपैकी हे एक. इथल्या खाऱ्या पाण्यात जगणारे सूक्ष्मजीव २०२० मध्ये वाढले आणि तळे गुलाबी झाले.’ ‘जगातल्या’मधला ज ‘जीव’मधल्यासारखा, तर ‘जगणारे’मधला ‘जोर’मधल्यासारखा. यंत्राने दोन्ही एकाच प्रकारे म्हटले की मराठी कानाला ते तत्काळ खटकते.

ही चूक स्वयंचलित तपासणीतून निसटते. तयार ध्वनी वाक्-ओळख प्रणालीला ऐकवून पुन्हा मजकूर मिळवायचा आणि मूळ मजकुराशी ताडून पाहायचा, ही तपासणी उपयोगाची आहे. गाळलेला शब्द किंवा चुकलेला आकडा तिच्यात लगेच दिसतो. पण ज कसाही उच्चारला तरी प्रणाली बहुधा ‘जगणारे’ असेच लिहिणार. दोन्ही मजकूर तंतोतंत जुळतील आणि चूक जागच्या जागी राहील. ती पकडायला मराठी बोलणाऱ्या माणसाने पूर्ण ध्वनी ऐकण्याला पर्याय नाही.

दुरुस्तीच्या वाटा मोजक्याच आहेत. आवाजाची प्रणाली उच्चारचिन्हे स्वीकारत असेल तर त्या शब्दाला `<phoneme>` ही खूण लावता येते. ती सोय नसेल तर शब्द बदलायचा, ‘जगणारे’च्या जागी ‘वाढणारे’ किंवा ‘राहणारे’. अर्थाला धक्का न लावता कोणता शब्द चालेल हे लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागते, कारण इथे ‘वाढणारे’ घेतले तर पुढच्या ‘वाढले’शी पुनरुक्ती होते. म्हणून ‘राहणारे’ बरे.

मग फक्त `s07.wav` पुन्हा करायची, तिची नवी लांबी मोजून `-t` बदलायचा आणि सातवा तुकडा नव्याने बनवून बाराही तुकडे पुन्हा जोडायचे. उपशीर्षके असतील तर आठव्या स्लाइडपासून पुढच्या सगळ्या वेळा तेवढ्याच फरकाने सरकवाव्या लागतात.